म्युझियमच्या नोंदीतला पूर्णविराम आणि श्रीपुरंथनचा नटराज

बॉस्टनची_सई
नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे वाचनमात्र होते, आज एक प्रश्न घेऊन आलेय. मागच्या महिन्यात सासूसासरे आले होते, त्यांना इथलं म्युझियम दाखवायला नेलं. दक्षिणेकडच्या ब्राँझ मूर्तींसमोर सासरे बराच वेळ उभे राहिले आणि मग म्हणाले, सगळं छान आहे गं, पण हा देव इथे आला कसा? मला काही सांगता येईना. घरी येऊन वेबसाइट उघडली तर मूर्तीच्या माहितीखाली मालकांची यादी होती. अमुक सालापर्यंत न्यूयॉर्कच्या एका डीलरकडे, मग एका बाईंकडे, मग त्यांनी म्युझियमला दिली. बास. मूर्ती नऊशे-हजार वर्षांची आणि इतिहास सुरू होतो १९६० च्या पुढे!! त्याआधीची नऊशे वर्षं गेली कुठे? आणि म्युझियमवाले हल्ली याच गॅपला इतके घाबरतात असं वाचलं, ते का? आजवर तर बिनधास्त घेत होते ना?

जुनाबाजार
सोपं आहे. १९७० साली युनेस्कोचा करार झाला. त्याआधी वस्तू देशाबाहेर गेली असेल तर कायदेशीर, नंतर गेली असेल तर चोरीची. म्हणून सगळे १९७० च्या आधीचा कागद शोधतात. कागद नसेल, गॅप असेल, तर समजायचं मालात खोट आहे. मी जुनी नाणी जमवतो, आमच्यातही हेच चालतं.

सातारकर
सई ताई, त्यांच्याकडचं सगळंच लुटलेलं आहे, त्यात रिसर्च कसला करायचा? महाराजांची वाघनखं बघा, शेवटी आली ना परत? पाठपुरावा केला की येतात.

नोंदवहीवाला
सईताई, प्रश्न चांगला आहे. मी एका म्युझियममध्ये सत्तावीस वर्षं रजिस्ट्रार होतो, म्हणजे वस्तू आत आली बाहेर गेली की नोंद करणारा माणूस, आता घरी बसून आहे त्यामुळे वेळच वेळ. त्या यादीकडे परत एकदा बघा, पण नावांकडे नाही, विरामचिन्हांकडे. अमेरिकेतली बरीच म्युझियमं एक पद्धत पाळतात. एका मालकाकडून वस्तू थेट दुसऱ्याकडे गेली हे पक्कं माहीत असेल तर दोन नावांमध्ये अर्धविराम. मधलं माहीत नसेल तर पूर्णविराम. म्हणजे तो एक टिंब हाच गॅप. लोक वाचताना त्याच्यावरून सरळ पुढे जातात आणि आमची सगळी नोकरी त्या टिंबाला खेटून बसलेली.

जुनाबाजार यांचं अर्धं बरोबर आहे. १९७० ही रेघ आहे खरी, पण ती बहुतेक म्युझियमांनी खरेदीसाठी स्वतःवर घालून घेतलेली रेघ आहे, तिच्या आधीचं सगळं आपोआप शुद्ध होत नाही. भारतापुरतं बोलायचं तर १९४७ सालीच पुरावस्तूंच्या निर्यातीवर कायदा आला होता, परवान्याशिवाय बाहेर न्यायला बंदी होती. १९७२ चा कायदा सगळ्यांना माहीत असतो, तो अमलात आला १९७६ ला, पण हा आधीचा कुणाच्या ध्यानात नसतो. त्यामुळे कुणी १९७० ची दिल्लीची पावती दाखवली तर पहिला प्रश्न हा की बरं, परवाना कुठाय?

आणि गॅप म्हणजे चोरी हे तर मुळीच नाही. हजार वर्षांच्या वस्तूचा सगळा हिशोब कुणाकडेच नसतो. गॅप कुठे पडलाय ते बघतात. युरोपातलं पेंटिंग असेल आणि १९३३ ते १९४५ मधे कोरं असेल तर झोप उडते, कारण त्या बारा वर्षांत ज्यूंची घरंच्या घरं रिकामी केली गेली. तेच पेंटिंग १७८० ते १८१० कोरं असेल तर कुणी फारसं विचारत नाही.

शमा_के
वाचतेय. पण काका, एखादं उदाहरण द्या ना पूर्ण, म्हणजे शोध कसा घेतात ते कळेल. नुसते नियम डोक्यावरून जातात.

वाड्यातला_बाळ
माझाही एक प्रश्न, धाग्याशी संबंधित आहे असं वाटतंय. आमच्याकडे आजीच्या देवघरातली पितळी अन्नपूर्णा आणि एक विष्णूची मूर्ती आहे, मागे प्रभावळ आहे. आजी म्हणायची तिच्या सासूच्याही आधीपासूनची आहे. पावती बिवती अर्थातच नाही, देव काय पावतीवर घेतात का! मुलगी जर्मनीत असते, ती विष्णू घेऊन जाते म्हणतेय. नेता येईल का? मला सर्टिफिकेट कुठे मिळेल?

नोंदवहीवाला
बाळासाहेब, तुमचं नंतर सांगतो, तोपर्यंत मूर्ती बॅगेत भरू नका एवढं ऐका.

शमाताई, उदाहरण आहे. कॅनबेराच्या नॅशनल गॅलरी ऑफ ऑस्ट्रेलियानं फेब्रुवारी २००८ मध्ये चोलकालीन ब्राँझ नटराज घेतला. चार फुटांहून उंच, अकराव्या-बाराव्या शतकातला. किंमत पन्नास लाख अमेरिकन डॉलर. विकणारा न्यूयॉर्कच्या मॅडिसन अव्हेन्यूवरचा डीलर, सुभाष कपूर. तेव्हा त्याचं नाव मोठं होतं, जगातल्या कितीतरी म्युझियमांना त्यानं माल दिला होता.

आता बघा, या मूर्तीच्या कागदांत पूर्णविराम नव्हताच. सगळे अर्धविराम! दिल्लीच्या एका दुकानाची एप्रिल १९७० ची विक्रीची पावती. घेणारा सुदानचा मुत्सद्दी, १९६८ ते १९७१ दिल्लीत नेमणुकीवर असलेला. मग त्याच्या बायकोचं जानेवारी २००३ चं पत्र, की ही मूर्ती आमच्याकडे तेव्हापासून आहे. मग कपूर. मग गॅलरी. शिवाय लंडनच्या आर्ट लॉस रजिस्टरचा दाखला, की चोरीच्या वस्तूंच्या आमच्या यादीत ही नाही.

शमा_के
मग? हे तर चोख वाटतंय.

नोंदवहीवाला
चोख आहे हीच तर अडचण. एकेक कागद हातात घेऊन बघू.

आधी पावतीची तारीख. युनेस्कोचा करार नोव्हेंबर १९७० चा, पावती एप्रिल १९७० ची. बरोब्बर सात महिने आधी. असं होऊ शकत नाही असं नाही, पण ज्या तारखेची बाजाराला गरज असते नेमकी तीच तारीख कागदावर दिसली की आमच्यासारखा माणूस चष्मा पुसतो. त्यात निर्यातीचा परवाना नाही, जहाजाचा कागद नाही, विमा नाही. चार फुटाचं ब्राँझ दिल्लीहून बाहेर गेलं आणि एकाही कस्टमवाल्याचा शिक्का नाही?

मग पत्र. २००३ मध्ये लिहिलेलं पत्र १९७० बद्दल सांगतंय. हा १९७० चा पुरावा नाही हो, २००३ चा पुरावा आहे, म्हणजे २००३ ला (तेही तारीख खरी मानली तर) कुणीतरी असं म्हणालं एवढंच सिद्ध होतं. मधल्या तेहतीस वर्षांत मूर्ती एखाद्या खोलीत, एखाद्या फोटोत, एखाद्या भाड्याच्या बिलात कुठेतरी दिसायला हवी होती. तशी ती कुठेही दिसत नाही.

आणि आर्ट लॉसचा दाखला. ती यादी कशी बनते? चोरीची तक्रार होते, मग वस्तू यादीत चढते. तक्रारच नसेल तर यादीत येणार कुठून. तमिळनाडूत अरियलूर जिल्ह्यात श्रीपुरंथन गाव आहे, तिथलं चोलकालीन शिवमंदिर बरीच वर्षं बंद होतं, पूजाअर्चा नव्हती. २००६ मध्ये चोरांनी कुलूप तोडून मूर्ती नेल्या आणि बाहेरून सगळं जसंच्या तसं ठेवलं. चोरी उघड झाली २००८ मध्ये, गॅलरीनं पैसे मोजल्यानंतर काही महिन्यांनी. म्हणजे दाखला दिला तेव्हा तो शब्दशः खराच होता! यादीत नव्हती, कारण देव जागेवर नाहीत हे गावालाच ठाऊक नव्हतं.

जुनाबाजार
बाप रे. पण मग गॅलरीची चूक काय? त्यांनी चेक केलं ना सगळं. उद्या मी नाणं घेताना एवढं बघायला लागलो तर धंदाच बंद.

नोंदवहीवाला
त्यांनीही हेच म्हटलं बराच काळ, की आम्ही वर्षभर चौकशी केली. पण खरेदीच्या आधी त्यांच्याच वकिलानं लिहून दिलं होतं की मालकीचा पुरावा तकलादू आहे. तरी घेतली. एवढी देखणी मूर्ती समोर असली आणि दुसरं म्युझियम टपून बसलंय असं वाटलं की काय होतं ते मी जवळून पाहिलंय (वेगळ्या ठिकाणी, नाव नको). कमिटीच्या मीटिंगमध्ये "कागद आहेत ना?" एवढंच विचारतात. कागद कुणी आणून दिलेत हे कुणी विचारत नाही. इथे सगळे कागद विकणाऱ्याच्याच फायलीतून आलेले. त्यातला एकही स्वतंत्र ठिकाणी जाऊन पडताळता येत नव्हता.

सिडनीचं उदाहरण तर अजून मजेशीर. तिथल्या आर्ट गॅलरी ऑफ न्यू साउथ वेल्सनं २००४ ला कपूरकडूनच अर्धनारीश्वर घेतला होता, वृद्धाचलमच्या देवळातला, दगडी. त्याच्याही मागे १९७० ची दिल्लीची पावती आणि तेच सुदानी कुटुंब. आणि पावतीवरच्या दुकानाचं नाव बघा, कॉपर अँड ब्रास पॅलेस. तांब्यापितळेच्या दुकानात चोलांची पाषाणमूर्ती! दोन म्युझियमांनी आपापल्या फायली एकमेकांना दाखवल्या असत्या तर एका दुपारचं काम होतं. पण म्युझियमं असले कागद कुणाला दाखवत नाहीत, निदान तेव्हा दाखवत नव्हती.

बॉस्टनची_सई
अंगावर काटा आला. मग पकडलं कसं?

नोंदवहीवाला
एका फोटोनं. पाँडिचेरीला फ्रेंच इन्स्टिट्यूट आहे, तिथले लोक १९५० च्या दशकापासून दक्षिणेतली देवळं फिरून आतल्या मूर्तींचे फोटो काढत आले, लाखाच्या वर फोटो आहेत त्यांच्याकडे. श्रीपुरंथनचा नटराज देवळात उभा असलेला त्यांचा फोटो आहे, १९९४ चा. झालं. १९९४ ला जी मूर्ती गावात आहे ती १९७० ला दिल्लीत विकली गेलेली असू शकत नाही. अभ्यासकांनी आणि पत्रकारांनी तो फोटो आणि कॅनबेराचा नटराज शेजारी ठेवले, २०१३ मध्ये हे सगळ्या जगासमोर आलं.

कुणी म्हणेल नटराज सगळे सारखेच दिसतात. दिसतात लांबून. पण ही ओतीव मूर्ती मेणावरून घडते, मेणाची मूर्ती करून तिच्यावर मातीचा साचा, मेण वितळवून काढायचं, धातू ओतायचा आणि साचा फोडायचा. साचा एकदाच. त्यामुळे एकासारखी दुसरी निघतच नाही. प्रभावळीवरच्या ज्वाला मोजायच्या, कुठली वाकलीय बघायचं, जटांचं कुठलं टोक मोडलंय, पीठाच्या कमळाची कुठली पाकळी झिजलीय. खोट्या कागदाला ही झीज माहीत नसते.

कपूरला २०११ मध्ये जर्मनीत पकडलं, २०१२ ला भारतात आणलं, आणि देवळातल्या मूर्तिचोरीच्या एका खटल्यात २०२२ मध्ये कुंभकोणमच्या कोर्टानं दहा वर्षं दिली. नटराज आणि अर्धनारीश्वर सप्टेंबर २०१४ ला परत आले, ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनी दिल्लीत मोदींकडे सोपवले.

सातारकर
मी म्हणालो तेच झालं की! पाठपुरावा केला की येतात. वाघनखांचंही तसंच.

नोंदवहीवाला
सातारकर, रागावू नका पण वाघनखांचं तसं नाही. एक तर ती परत आलेली नाहीत, २०२४ मध्ये लंडनच्या व्ही अँड ए म्युझियमकडून तीन वर्षांच्या बोलीवर आलीत, उसनी. आणि तिथला गॅप वेगळ्याच जातीचा आहे. नटराजाबाबत मूर्ती कुठली यावर वाद नव्हता, मधे कुणी चोरली का हा प्रश्न होता. वाघनखांबाबत ती ग्रँट डफच्या घराण्याकडून आली हे कळतं, डफ १८१८ पासून साताऱ्याला रेसिडेंट होता, सोबतच्या डबीवर तसं लिहिलंय की पेशव्यांच्या प्रधानानं त्याला दिली. पण अफझलखानाचा प्रसंग १६५९ चा. तिथून १८१८ पर्यंत जवळजवळ एकशेसाठ वर्षं कुणाच्या हाती होती याचा कागद नाही. म्युझियम स्वतःच म्हणतं की हीच ती नखं का, हे पडताळता येत नाही. तिथेही पूर्णविरामच आहे, आणि तो त्यांनी लपवला नाही हे मला बरं वाटतं.

सातारकर
डबीवर लिहिलंय ना मग? तेव्हाच्या माणसानं लिहिलंय, तुम्ही आज कोण ठरवणारे. असो. आपलं एकमत व्हायचं नाही. दर्शन घेऊन आलो मी, डोळ्यात पाणी आलं होतं.

नोंदवहीवाला
पाणी माझ्याही डोळ्यात आलं असतं. डबीवरचा मजकूर आणि ते २००३ चं पत्र यांना मी एका पंक्तीला बसवत नाही, डबीवाल्याला काही विकायचं नव्हतं. पण दोन्ही मागाहून लिहिलेलं आहे, एवढंच म्हणतोय.

शमा_के
मग आता म्युझियमं काय करतात? गॅप असलेलं सगळं परत द्यायचं ठरवलं तर हॉल रिकामे होतील, आणि द्यायचं कुणाला? कुठल्या देवळाचं तेच माहीत नसेल तर?

नोंदवहीवाला
इथे माझ्याकडेही उत्तर नाही. कॅनबेरात माजी न्यायमूर्ती सुसान क्रेनन यांनी आशियाई संग्रहातल्या छत्तीस वस्तूंच्या फायली तपासल्या तर बावीस वस्तूंचे कागद अपुरे किंवा संशयास्पद निघाले. २०२१ मध्ये गॅलरीनं धोरण बदललं. आधी चोरी सिद्ध करा मग बघू असं होतं, आता म्हणतात की सगळं तोलून चोरीची शक्यता जास्त वाटली तर आम्ही वस्तू संग्रहातून काढू. त्याच वर्षी चौदा कलाकृती भारताला परत द्यायचं जाहीर केलं. पैसा जातो, देणगीदार नाराज होतात. अमेरिकेच्या कायद्यात चोराकडून कितीही प्रामाणिकपणे विकत घेतलं तरी मालकी मिळत नाही, वीस वर्षांनी कुणी फोटो घेऊन दारात उभा राहू शकतो. त्या टिंबाची भीती ती आहे.

आणि शमाताईंचा दुसरा प्रश्न बोचरा आहे. श्रीपुरंथनचा नटराज देशात आला खरा, पण गावच्या देवळात लगेच गेला नाही, सरकारी सुरक्षित भांडारात ठेवला. देवळाला परत कुलूपच असेल तर देव तिथे ठेवायचा कसा? मूर्ती भांडारात असण्यापेक्षा कॅनबेरात लोक बघत होते ते बरं, असं म्हणणारेही भेटलेत मला. मला ते पटत नाही, पण त्यांना गप्प करेल असं उत्तरही सुचलेलं नाही.

बॉस्टनची_सई
काका, सासऱ्यांना धागा वाचून दाखवला. ते म्हणतात गावचा तलाठी सातबारा बघताना हेच करतो, फेरफार कुठला गायब आहे ते आधी शोधतो.

नोंदवहीवाला
त्यांना माझा नमस्कार सांगा, इतकं नेमकं मला नोकरीत कधी सांगता आलं नाही. आणि हो, फेरफार सगळे एकाच शाईत, एकाच अक्षरात असतील तर तलाठी अजून सावध होतो, तेही तेच.

सईताई, तुमच्या मूर्तीसाठी करता येण्यासारखं एक काम आहे. त्या डीलरचं नाव आणि साल आहे ना? जुने लिलावाचे कॅटलॉग, प्रदर्शनांची पुस्तकं यात त्या सालाच्या आधी ती मूर्ती दिसते का बघा. पेंटिंग असतं तर पाठ बघायला सांगितलं असतं, फ्रेमच्या मागे लिलावघरांचे नंबर असतात, जुनी लेबलं असतात, लोक फ्रेम बदलताना ती फेकून देतात आणि आम्ही कपाळाला हात लावतो. ब्राँझला तळ बघतात. तो म्युझियम तुम्हाला दाखवणार नाही, पण मेल टाकून विचारा की त्या पूर्णविरामाबद्दल तुमच्याकडे अजून काय आहे. हल्ली उत्तरं देतात.

वाड्यातला_बाळ
माझं राहिलं काका.

नोंदवहीवाला
राहिलं नाही. शंभर वर्षांवरची धातूची मूर्ती म्हणजे कायद्यानं पुरावस्तू, मग ती म्युझियममधली असो की देवघरातली. तिची नोंदणी पुरातत्त्व खात्याच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे करायची असते, आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही, मुलीला प्रेमानं दिली तरी. शंभराच्या आतली असेल तर खात्याच्या तज्ज्ञ समितीला दाखवून, ही पुरावस्तू नाही असा दाखला घेऊन नेता येते. आजीच्या सासूच्या आधीची म्हणताय म्हणजे मला तरी ती पलीकडची वाटते. पण वाटण्याला अर्थ नाही, दाखवून घ्या.

ती कुणाकडून कुणाकडे आली हे आज लिहून ठेवा. आत्या, काकू जे कोणी असतील त्यांना विचारून, नावं आणि अंदाजे सालं. आणि घरातले जुने फोटो काढा, लग्न, मुंज, सत्यनारायण, ज्यात देवघर मागे आलं असेल.

जुनाबाजार
अवांतर: माझ्या नाण्यांच्या पाकिटांवर मी फक्त किंमत लिहायचो. काल बसून "कुणाकडून घेतलं" असा कॉलम टाकला. चाळीसातल्या अकरा नाण्यांचं काही केल्या आठवेना. पूर्णविराम.

वाड्यातला_बाळ
मिळाला एक! माझ्याच मुंजीचा, १९७८. देवघर मागेच आहे पण विष्णूच्या अर्ध्या भागावर भटजींचं डोकं आलंय. अन्नपूर्णा तर दिसतच नाही, समई आडवी आलीय. याचा काही उपयोग आहे का?

नोंदवहीवाला
प्रभावळीची डावी कड दिसतेय का? तिच्यावर एखादं टोक मोडलेलं, वाकलेलं? भिंग लावून बघा आणि आत्ताच्या मूर्तीशेजारी ठेवून फोटो टाका इथे. १९७८ पर्यंत तरी सरकू.